चार पुरवण्या, चौदा महिने आणि एक राहून गेलेली तपासणी

प्रकाशराव, वय ४७, इचलकरंजीजवळ यंत्रमागाचा छोटा कारखाना. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एकाच वाटेने आलेले अनेक रुग्ण एकत्र करून हे प्रकरण लिहिलं आहे.) तक्रार अशी की दोनेक वर्षांपासून लिंगाला पुरेशी ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही. इच्छा आहे, पत्नीशी संबंध चांगले आहेत, तरी "ऐन वेळी जोर राहत नाही." सोबत त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, आल्या होत्या. त्यांनीच एक कापडी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हे सगळं खाऊन झालंय. आता तुम्हीच सांगा यातलं काय ठेवायचं."

पिशवीत होतं ते असं. झिंकच्या ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या, रोज एक. व्हिटॅमिन डीच्या ६०,००० युनिटच्या पुड्या, आठवड्याला एक. एल-आर्जिनिनची पावडर, रोज एक सॅशे म्हणजे ३ ग्रॅम. जिनसेंग असलेली मल्टिव्हिटॅमिनची कॅप्सूल. आणि ऑनलाइन मागवलेल्या, 'कोरियन जिनसेंग' असं छापलेल्या वेगळ्या कॅप्सूल, ज्या "गरजेच्या वेळी" घ्यायच्या. सगळं मिळून महिन्याला साधारण ३,६०० रुपये आणि असे चौदा महिने, म्हणजे पन्नास हजारांच्या वर खर्च. या काळात त्यांनी एकाही डॉक्टरला लिंगाच्या ताठरतेबद्दल विचारलं नव्हतं. मेडिकलवाला, मित्र आणि मोबाइलवरचे व्हिडिओ, एवढेच सल्लागार.

पिशवी बाजूला ठेवून आधी काही प्रश्न विचारले. त्रास अचानक सुरू झाला की हळूहळू वाढत गेला? हळूहळू. सकाळी जाग येताना ताठरता असते का? पूर्वी असायची, आता जवळजवळ नाहीच. या दोन उत्तरांनी बरंच कळतं. मनावरच्या ताणामुळे होणारा त्रास बहुधा एकाएकी सुरू होतो आणि पहाटेची ताठरता शाबूत ठेवतो. हळूहळू वाढलेला आणि पहाटेचीही ताठरता नेणारा त्रास रक्तवाहिन्या, नसा किंवा संप्रेरकांकडे बोट दाखवतो. मग पुढचं विचारलं. रात्री लघवीला दोन-तीनदा उठतात ("वयामुळं असेल"). तहान जास्त लागते ("मागावर उकाडा असतो"). तंबाखू-चुना दिवसभर चालू. थोरल्या भावाची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. रक्तदाब मोजला तर १४८/९२. पाच प्रश्नांच्या नेहमीच्या प्रश्नावलीत २५ पैकी ११ गुण आले, म्हणजे मध्यम स्वरूपाचा त्रास.

तपासण्यांचे आकडे आले तेव्हा उपाशीपोटीची शुगर १६८ होती आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ८.४ टक्के. मधुमेह होता, बहुधा बराच काळ होता आणि कोणालाच ठाऊक नव्हता. सकाळी आठच्या सुमारास घेतलेलं टेस्टोस्टेरॉन ४३०, म्हणजे ठीक. वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं. व्हिटॅमिन डी ९२.

डीचा हा आकडा आधी घेतो, कारण त्याची गोष्ट लवकर आटोपते. चौदा महिन्यांपूर्वीचा एक जुना रिपोर्ट वहिनींनी जपून ठेवला होता. त्यात डी १३ होतं. म्हणजे कमतरता खरी होती आणि पुड्या सुरू करणं चुकलं नव्हतं. पण अशा कमतरतेत आठवड्याला एक पुडी साधारण आठ आठवडे देतात, मग महिन्याला एकावर येतात. इथे कोणी थांबवलंच नाही. डी १३ वरून ९२ वर गेलं आणि ताठरता होती तशीच राहिली, किंबहुना आणखी खालावली. एका माणसावरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरं. पण ऑस्ट्रेलियात हजारो ज्येष्ठ नागरिकांना काही वर्षं महिन्याला ६०,००० युनिट देऊन पाहिलं, आणि त्यातल्या पुरुषांमध्ये ताठरतेच्या बाबतीत खऱ्या आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीत फरक दिसला नाही. ज्यांचं डी कमी असतं त्यांच्यात हा त्रास जास्त आढळतो, हे निरीक्षण बरोबर आहे. पण तीच माणसं बहुधा वजनाने जास्त, चालायला कमी आणि मधुमेहाच्या वाटेवर असतात. डी कमी असेल तर हाडांसाठी, स्नायूंसाठी ते जरूर भरून काढावं. लिंगासाठी म्हणून वेगळं घेऊ नये. प्रकाशरावांचं कॅल्शियम १०.४ होतं, वरच्या काठावर. आणखी काही महिने असंच चाललं असतं तर बद्धकोष्ठ, मळमळ, मूतखडा हे सगळं ओढवू शकलं असतं. पुड्या त्याच दिवशी बंद केल्या.

आर्जिनिनकडे मात्र सविस्तर पाहायला हवं, कारण या चौघांत शास्त्राच्या सर्वांत जवळ तेच आहे. ताठरता येते ती रक्त भरल्यामुळे. उत्तेजना मिळाली की लिंगातल्या नसा आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. त्याने स्नायू सैल पडतात, रक्त आत येतं आणि अडून राहतं. या वायूचं रक्तवाहिन्यांतलं काम उलगडणाऱ्या तिघा अमेरिकी संशोधकांना १९९८ चं नोबेल मिळालं. हा वायू शरीर ज्यापासून बनवतं तो कच्चा माल म्हणजे एल-आर्जिनिन. विक्रेते इथपर्यंतच सांगतात आणि इथपर्यंतचं खरंच आहे.

पुढचं असं. तोंडाने घेतलेल्या आर्जिनिनचा मोठा भाग आतडं आणि यकृत रक्तात पोचण्याआधीच मोडून टाकतात. आणि बहुतेक माणसांच्या रक्तात आर्जिनिन आधीच पुरेसं असतं. मधुमेहात, तंबाखूत, वाढलेल्या कोलेस्टेरॉलमध्ये बिघडतं ते रक्तवाहिन्यांचं अस्तर, म्हणजे वायू बनवणारी यंत्रणाच. चक्की बिघडली असताना ज्वारीची पोती वाढवली तर पीठ वाढत नाही.

तरी आर्जिनिनचा उपयोग कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. १९९९ मध्ये इस्रायलमध्ये रोज ५ ग्रॅम असं सहा आठवडे देऊन पाहिलं. खऱ्या औषधावरच्या २९ जणांपैकी ९ जणांना फरक वाटला, खोट्या औषधावरच्या १७ पैकी २ जणांना. सुधारलेल्यांत एक गोष्ट समान होती. त्यांच्या लघवीत नायट्रिक ऑक्साइडचे अवशेष सुरुवातीला कमी होते, म्हणजे वायूच कमी बनत होता. त्याच वर्षी जर्मनीत रोज दीड ग्रॅम देऊन पाहिलं, तेव्हा खोट्या गोळीपेक्षा काही वेगळं झालं नाही. पुढच्या काही अभ्यासांत सौम्य त्रास असलेल्यांना थोडा फायदा दिसला आहे. म्हणून माझं मत असं : ज्याचा त्रास सौम्य आहे, शुगर आणि रक्तदाब तपासून ठीक आहेत, हृदयविकार नाही आणि ज्याला लगेच औषधाची गोळी नको आहे, त्याने डॉक्टरला सांगून ५ ग्रॅमच्या आसपास सहा आठवडे घेऊन पाहायला हरकत नाही. सहा आठवड्यांत काही वाटलं नाही तर डबा पुन्हा आणू नये. कॅप्सूलमधलं ५०० मिलिग्रॅम आर्जिनिन हा मात्र पैशांचा नाशच आहे, तेवढ्याने कोणालाच काही होत नाही.

आणि एका गटाने हे मुळीच घेऊ नये. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे अशा १५३ रुग्णांवर अमेरिकेत एक चाचणी झाली. रक्तवाहिन्या मऊ होतील अशी आशा होती. आर्जिनिनच्या गटात सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी मध्येच थांबवली, २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले. "पावडर तर प्रोटीनचीच आहे, अपाय काय होणार" असं मला अनेकजण सांगतात. त्यांना मी हेच सांगतो. शिवाय आर्जिनिनने रक्तदाब थोडा उतरतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्याने ते आपल्या मनाने सुरू करू नये.

प्रकाशरावांना आर्जिनिन लागू का पडलं नाही, हे आता उघड आहे. एचबीए१सी ८.४ वर, तंबाखू चालू, त्रास मध्यम. पण सगळंच बंद करायला ते नाखूश होते, कारण त्यांच्या मते पिशवीतलं एक औषध नक्की चालत होतं. "ते कोरियन जिनसेंग, डॉक्टर. बाकीचं जाऊ दे. ते घेतलं की तासाभरात फरक कळतो. चौदा महिन्यांत तेवढं एकच खरं निघालं."

मला शंका आली ती याच वाक्याने. मी विचारलं, घेतल्यावर आणखी काय होतं? चेहरा गरम होतो, लाल होतो. नाक चोंदतं. दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. एकदा थोडा वेळ सगळं निळसर दिसलं होतं.

जिनसेंग असं वागत नाही. कोरियात १९९०च्या दशकापासून लाल जिनसेंगवर अभ्यास झाले. त्यातला बराच उल्लेखला जाणारा सोलमधला २००२ सालचा अभ्यास ४५ पुरुषांचा होता. त्यांना ९०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, आठ आठवडे दिलं होतं. सुधारणा मोजली ती आठवड्यांच्या हिशेबाने, तासाच्या नाही. तासाभरात ताठरता, चेहऱ्यावर लाली, चोंदलेलं नाक, डोकेदुखी आणि निळसर दिसणं, हे सिल्डेनाफिलचं, म्हणजे ताठरतेसाठी डॉक्टर लिहून देतात त्या गोळीचं, वर्णन आहे. 'हर्बल', 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल किंवा त्याची भावंडं न सांगता मिसळलेली सापडतात. अमेरिकेचं औषध खातं अशा उत्पादनांच्या याद्या वर्षानुवर्षं जाहीर करत आलं आहे. प्रकाशरावांच्या कॅप्सूलची प्रयोगशाळेत तपासणी मी केली नाही, त्यामुळे खात्रीने काही सांगणार नाही. पण लक्षणं एवढी नेमकी जुळत असताना ती कॅप्सूल दुसऱ्या कुठल्याही औषधासोबत चालू ठेवणं मला मान्य नव्हतं. किती मिलिग्रॅम आहे ते माहीत नाही, दोन कॅप्सूलमध्ये सारखं आहे का तेही माहीत नाही.

तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजींना पण चार दिल्यात यांनी."

भाऊजी म्हणजे अँजिओप्लास्टी झालेले थोरले भाऊ. त्यांच्या खिशात छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी असते, म्हणजे नायट्रेट. नायट्रेट आणि सिल्डेनाफिल एकत्र आले तर रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस दगावू शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर चोवीस तास आणि त्याच जातीचं टॅडालाफिल घेतल्यावर अठ्ठेचाळीस तास नायट्रेट घेता येत नाही. पण ज्याला आपण जिनसेंग खाल्लंय असंच वाटतं, तो दवाखान्यात तरी काय सांगणार? प्रकाशरावांनी माझ्यासमोरच भावाला फोन लावला. सुदैवाने चारही कॅप्सूल तशाच कपाटात होत्या.

खऱ्या जिनसेंगचं काय, हे त्यांनी नंतर विचारलंच. छोट्या अभ्यासांत फायदा दिसला होता. पुढे सगळे अभ्यास एकत्र ठेवून २०२१ मध्ये जो मोठा आढावा निघाला, त्यात खोट्या गोळीच्या तुलनेत ताठरतेवरचा परिणाम नगण्य निघाला. पुरुषांना स्वतःला "जमतंय" असं वाटण्यात मात्र काहीशी वाढ होती. ज्याचा त्रास सौम्य, त्यातही धास्तीमुळे वाढलेला आहे, त्याला या वाटण्याचाही उपयोग होऊ शकतो, हे मी नाकारत नाही. पण त्यासाठी मात्रा तरी खरी हवी. प्रकाशरावांच्या मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरात जिनसेंग ४० मिलिग्रॅम लिहिलं होतं. अभ्यासातली रोजची मात्रा २,७०० मिलिग्रॅम. तेवढी गाठायला रोज साठाहून जास्त कॅप्सूल लागतील. समोरच्या बाजूला जिनसेंगचं मूळ मोठं करून छापलेलं असतं आणि आत त्याची चिमूटही नसते, याचा मला फार राग येतो. पाकिटावर 'औषधी उपयोगासाठी नाही' अशी ओळ कायद्याने छापावी लागते, ती कोणी वाचत नाही. जिनसेंग घ्यायचंच असेल तर मधुमेहाच्या औषधांवर किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनवर असलेल्यांनी आधी विचारावं, कारण दोन्हींच्या परिणामात ते ढवळाढवळ करतं. झोप उडण्याची तक्रारही बरेचजण करतात. अश्वगंधा ही निराळी वनस्पती. ती भारतीय जिनसेंग म्हणून विकतात, पण कोरियन जिनसेंगवरचे अभ्यास तिला लागू होत नाहीत.

राहिलं झिंक. झिंक आणि पुरुषत्व यांचा संबंध जगाला दाखवला तो बिहारमध्ये जन्मलेल्या आनंद प्रसाद या डॉक्टरांनी. इराणमध्ये काम करताना त्यांना असे तरुण दिसले, ज्यांची उंची आणि लैंगिक वाढ दोन्ही खुंटली होती. आहार जवळजवळ फक्त न आंबवलेल्या रोटीचा. धान्याच्या कोंड्यातलं फायटेट झिंकला धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. पुढे त्यांनी निरोगी तरुणांना झिंक कमी असलेलं अन्न काही महिने देऊन टेस्टोस्टेरॉन घसरतं हेही दाखवलं. म्हणजे कमतरता असेल तर झिंकने फरक पडतो, यात वाद नाही. प्रश्न एवढाच की तुम्हाला कमतरता आहे का.

डायलिसिसवरचे रुग्ण, आतड्याच्या जुनाट आजाराने सतत जुलाब होणारे, लठ्ठपणासाठी आतड्याचं ऑपरेशन झालेले, बरेच दारू पिणारे, यांच्यात मी झिंकचा विचार करतो. डायलिसिसच्या रुग्णांवर तर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच झिंकने ताठरता सुधारल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलं होतं. फक्त भाकरी-आमटीवर राहणारा, दूध-अंडी-मांस काहीच न खाणारा माणूसही काठावर असू शकतो. त्याला मी आधी डाळी भिजवून, मोड आणून खायला आणि आंबील प्यायला सांगतो, कारण भिजवल्याने आणि आंबवल्याने फायटेट कमी होतं. रक्तातल्या झिंकच्या तपासणीवर फार विसंबू नये. जेवणानंतर आणि तापात तो आकडा खाली येतो, नमुना घेताना नळी साधी असेल तर वरही जातो. खाणं, आजार आणि टेस्टोस्टेरॉन एकत्र पाहूनच ठरवावं लागतं.

प्रकाशराव आठवड्यातून दोनदा मटण खाणारे, टेस्टोस्टेरॉन ४३०. त्यांना झिंक कमी असण्याचं कारणच नव्हतं. शिवाय रोज ५० मिलिग्रॅम ही मात्रा वर्षभर घेण्याची नाही. प्रौढ पुरुषाची रोजची गरज १७ मिलिग्रॅमच्या आसपास धरतात, तीही बहुतेक जेवणातूनच भागते. दीर्घकाळासाठी ४० ही वरची मर्यादा मानली जाते. त्याहून जास्त झिंक बरेच महिने गेलं तर तांबं शोषलं जात नाही, रक्त कमी होतं, पायाला मुंग्या येतात, चाल बिघडते. त्यांच्या पायाला मुंग्या होत्याच. तांबं तपासलं, ते ठीक निघालं. म्हणजे मुंग्या मधुमेहाच्या. पण मधुमेह माहीत नसता आणि तांबं कमी निघालं असतं, तर शोध भलतीकडेच गेला असता.

पिशवी रिकामी झाली. आता काय द्यायचं? लिंगाची रोहिणी जेमतेम एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चार मिलिमीटरची. अस्तर बिघडायला लागलं की अरुंद नळी आधी कुरकुरते. वय ४७, मधुमेह, तंबाखू, रक्तदाब, भावाला हृदयविकार, त्यात हा त्रास. म्हणून ताठरतेची गोळी लिहिण्याआधी हृदयतज्ज्ञांकडे पाठवलं, पट्ट्यावर चालवून तपासणी झाली, ती ठीक आली. मग मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन (ताठरता आणखी बिघडवू शकतात अशा जुन्या पद्धतीच्या काही रक्तदाबाच्या गोळ्या टाळल्या), कोलेस्टेरॉलची गोळी आणि तंबाखू सोडण्यासाठी निकोटिनचं च्युइंगम. जोडीला सिल्डेनाफिल ५० मिलिग्रॅम, या वेळी पाकिटावर नाव आणि मात्रा छापलेली.

पंधरा दिवसांनी फोन आला, "गोळी दोनदा फुकट गेली." दोन्ही वेळी शनिवारी, तांबड्या-पांढऱ्यासह मटणाचं भरपेट जेवण करून घेतली होती. तेलकट जेवणावर सिल्डेनाफिल उशिरा आणि कमी शोषलं जातं. जेवणाआधी किंवा हलक्या जेवणानंतर दोन तासांनी घ्या, त्यानंतर तासभर थांबा आणि नुसतं थांबू नका, उत्तेजना हवीच, असं सांगितलं. सहा-सात वेळा नीट घेऊन पाहिल्याशिवाय गोळी निकामी ठरवू नका, असंही. तिसऱ्यांदा जमलं.

पाच महिन्यांनी एचबीए१सी ६.९ वर आली. प्रश्नावलीत गुण १९. तंबाखू पूर्ण सुटली नाही, पण दिवसाच्या पुड्या निम्म्यावर आल्या. पहाटेची ताठरता आठवड्यातून एखाद्या दिवशी परत दिसू लागली होती, आणि मला त्या १९ गुणांपेक्षा ही खूण जास्त मोलाची वाटली, कारण ती गोळीशिवायची होती.

व्हिटॅमिन डी खाली येऊन ४८ वर होतं, पुडी लागली नाही. मेटफॉर्मिन सुरू असल्यामुळे बी१२ वर्षातून एकदा तपासायचं ठरलं, कारण त्या गोळीने ते खरोखर कमी होऊ शकतं आणि त्यानेही पायाला मुंग्या येतात. भाऊजी नंतर स्वतः आले. त्यांच्यासाठी ताठरतेची कोणतीही गोळी लिहिली नाही. आधी त्यांच्या हृदयतज्ज्ञांना चिठ्ठी दिली की जिभेखालची गोळी गेल्या वर्षभरात किती वेळा लागली, आणि ती पूर्ण थांबवता येण्यासारखी आहे का, ते पाहून कळवावं.